सरकारी जाहिरातीशी रिझ्युमे जुळवताना या चुका टाळा

आठवड्याला दोन-चार जण तरी रिझ्युमे आणि जाहिरातीची पीडीएफ पाठवून विचारतात, "दादा, बसतोय का मी यात?" जाहिरात वाचलीस का म्हटलं तर वयाचा रकाना बघितलाय फक्त, खालच्या टिपा कोण वाचणार!

सगळ्यात जास्त लोक आपटतात ते अनुभवात, आणि यात मी स्वतः माती खाल्लीय. केंद्राच्या एका संस्थेची जागा होती, अट अशी की बीई आणि पदवीनंतरचा ३ वर्षांचा अनुभव, तोही अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत म्हणजे ३१ ऑगस्ट २०२४ पर्यंत. पोराच्या रिझ्युमेत 'जुलै २०२१ ते आजपर्यंत' लिहिलेलं, मी बोटांवर ३ वर्षं मोजली आणि म्हटलं भर बिनधास्त. कागदपत्र पडताळणीला गेला आणि बाद झाला. झालं असं की शेवटचा पेपर देऊन तो ५ जुलैला जॉइन झालेला, पण निकाल लागला २० नोव्हेंबर २०२१ ला, त्यांनी अनुभव तिथून धरला, म्हणजे भरला २ वर्षं ९ महिने आणि वर थोडे दिवस. पगार मिळत होता हो जुलैपासून, पण पदवी हातात नव्हती ना.

तेव्हापासून रिझ्युमे बाजूला ठेवतो आणि आधी कोऱ्या कागदावर जाहिरातीतली कट-ऑफ तारीख लिहितो. त्याखाली दहावीच्या सर्टिफिकेटवरची जन्मतारीख, निकालाची तारीख, मग प्रत्येक नोकरीचं जॉइनिंग आणि रिलीव्हिंग, दिवसासकट. वय आणि अनुभव दोन्हीची कट-ऑफ एकच असेल असंही धरत नाही, कधीकधी वेगळी असते. रिझ्युमेत नुसतं '२०२१-२४' असेल तर मी बघतच नाही, अनुभवाचं पत्र आण म्हणतो. इंटर्नशिप, पार्ट-टाइम वगैरे जाहिरातीत स्पष्ट चालेल म्हटलं असेल तरच धरायचं.

दुसरी चूक कॅटेगरीची. एकीचं वय ३२, मर्यादा ३०, ती म्हणाली ओबीसीला ३ वर्षं सूट आहे की. आहे, पण जागा एकच होती आणि ती अनारक्षित, तिथे केंद्राच्या भरतीत ओबीसीची वयाची सूट लागत नाही. म्हणून वयाच्या आधी जागांचा तक्ता बघायचा, आपल्या प्रवर्गाची जागा तरी आहे का. आणि केंद्राच्या भरतीला राज्याचं नॉन-क्रिमीलेअर जोडू नका, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते.

'समकक्ष पदवी' शब्द दिसला की लोक खुश होतात, पण समकक्ष काय ते तुमचं कॉलेज नाही, भरती करणारं खातं ठरवतं. अशी शंका असली तर मी फॉर्म भरायच्या आधी त्यांना ईमेल करायला लावतो, फोनवर मिळालेलं 'चालेल' पडताळणीच्या टेबलावर दाखवता येत नाही.