न भेटलेल्या मेंटॉरसोबत बारा आठवडे: गूगल समर ऑफ कोडची तयारी

गूगल समर ऑफ कोडमध्ये घरी बसून एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पासाठी कोड लिहायचा असतो, आणि वाट दाखवणारा मेंटॉर दूर कुठेतरी असतो. लॅपटॉप, इंटरनेट, दुसरं सिम, इन्व्हर्टर हे सगळं तुमच्याकडे असेलच, त्यावर वेळ घालवत नाही. खरी तयारी मेंटॉरला आपण दिसत राहण्याची. काम अडलं त्या दिवशीही निरोप पाठवायचा, ही गोष्ट सगळ्यात वर लिहून घ्या. मागच्या वेळी माझ्याकडून हीच राहिली, म्हणून पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

निवड झाल्यावर मे महिन्यात कोड सुरू होण्याआधी ओळखीचे काही आठवडे मिळतात. त्यातच तीन गोष्टी मेंटॉरकडून लिहून पक्क्या करा: बोलायचं कुठे, आठवड्याचा कॉल कधी आणि उत्तर साधारण किती वेळात येईल. परीक्षेच्या तारखा, घरचं लग्न, गावी जाणं हेही त्याच निरोपात सांगून टाका. आधी सांगितलेली आठ दिवसांची सुट्टी कुणाला खटकत नाही, न सांगता गेलेले तीन दिवस खटकतात. वेळ ठरवताना यूटीसीत लिहा. आपल्याकडे रात्री साडेआठ वाजतात तेव्हा 15:00 यूटीसी असतं, म्हणजे उन्हाळ्यात बर्लिनला संध्याकाळचे पाच आणि कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. बर्लिनच्या मेंटॉरला रात्री साडेआठला प्रश्न टाकला तर उत्तर बहुधा दुसऱ्या दिवशी दुपारीच येणार. त्याला दुपारी तीनच्या आसपास गाठा.

प्रश्न खासगीत विचारू नका, प्रकल्पाच्या सार्वजनिक चॅनेलवर विचारा. मेंटॉर रजेवर असला तरी दुसरं कुणीतरी उत्तर देतं, आणि तुम्ही काम करताय हे चार जणांना दिसतं.

कोड पहिल्या आठवड्यापासून बाहेर ठेवा. गिटहबवर पुल रिक्वेस्ट उघडताना बटणाशेजारच्या बाणात `Create draft pull request` असतं, तेच निवडा. अर्धवट काम दाखवायची लाज वाटते म्हणून लोक तीन आठवडे स्वतःच्या मशीनवर साठवतात आणि मग हजारभर ओळी एकदम टाकतात. एवढं वाचायला मेंटॉरकडे वेळ नसतो, आणि दिशाच चुकली असेल तर ते सांगायची वेळही निघून गेलेली असते. रोज काम संपवून उठायच्या आधी:

```
git commit -am "WIP: CSV import"
git push
```

`-a` नव्या फाइली घेत नाही, त्यांना आधी `git add` लागतं. हे विसरलं की मेंटॉरला अर्धाच कोड दिसतो.

आता अडलेल्या दिवसाचा निरोप. त्या दिवशी मनात येतं, दाखवायला काही नाही, उद्या सुटलं की एकदम सांगू. उद्या सुटत नाही. चौथ्या दिवशी निरोप लिहायचीच भीती वाटायला लागते. तिकडे मेंटॉरला फक्त शांतता दिसते, आणि तुम्ही दिवसभर झुंजताय की काम सोडून दिलंय हे त्या शांततेतून कळत नाही. म्हणून दोन तास एकाच जागी गेले की लिहा.

पण नुसतं ‘चालत नाहीये’ लिहू नका. समजा, पायथनमध्ये सीएसव्ही फाइल वाचताना `name` हा स्तंभ सापडत नाहीये. निरोपात असं यावं: कोणती फाइल, कोणता एरर जसाच्या तसा, आणि काय तपासलं. स्तंभांची नावं छापल्यावर पहिलं नाव `'\ufeffname'` आलं, म्हणजे एक्सेलनं फाइलच्या सुरुवातीला अदृश्य खूण टाकलीय. `encoding='utf-8-sig'` लावल्यावर ती गेली. आता प्रश्न एवढाच, की हे सगळ्या फाइलींना लावायचं की वापरणाऱ्याला निवडू द्यायचं? शेवटी लिहायचं, ‘उत्तर येईपर्यंत मी चाचण्या लिहितो.’ असा निरोप मेंटॉर चहा पिता पिता वाचतो आणि एका ओळीत उत्तर देतो. भरवसा अशाच निरोपांवर बसतो, कारण तुम्ही विचार कसा करता हे त्याला दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

पुन्हा सांगतो: काही झालं नाही त्या दिवशीही दोन ओळी. ताप आला तर एक ओळ. पण पाठवा.

कॉलच्या आदल्या दिवशी तीन-चार मुद्दे लिहून पाठवा, कॉलनंतर काय ठरलं तेही लगेच लिहा. बोललेलं मेंटॉर विसरतो, आपणही.

सहाव्या आठवड्याच्या आसपास मध्यावधी मूल्यमापन. त्यात नापास झालात तर तिथेच संपलं. पाचव्या आठवड्यात स्वतःहून विचारा, ‘आज मूल्यमापन असतं तर काय कमी पडलं असतं?’ काम मागे पडलं असेल तर प्रस्तावातलं काय वगळायचं हे तेव्हाच ठरवा.

शेवटच्या आठवड्यात नवं काही सुरू करू नका. ड्राफ्टवर `Ready for review` दाबायला शेवटचा दिवस गाठू नका, तपासणीला आठवडा सहज जातो. सगळ्या कामाचे दुवे एका पानावर ठेवा, राहिलेलं कामही त्यावर लिहा. आणि या आठवड्यातही संध्याकाळचा निरोप चुकवू नका, अडलं असेल तर मुळीच चुकवू नका.