गुरुपरंपरेचा आलेख: प्रत्येक रेषेवर काय लिहायचं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाढलेल्या माणसाला गुरुपरंपरा शोधत फिरावं लागत नाही. पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर आहे, सावंतवाडीजवळ माणगावला टेंबे स्वामींचं जन्मस्थान आहे. मठात गेलं की परंपरेची नावं एकाखाली एक लिहिलेली दिसतात. मराठीत एम.ए. करताना मी अशा नावांचा नेटवर्क म्हणून अभ्यास सुरू केला. या वाटेला नव्याने येणाऱ्यांसाठी काम प्रत्यक्षात कसं चालतं ते इथे सांगते. उदाहरण मात्र एकच घेते, तुकोबांपर्यंत येणाऱ्या परंपरेचं, कारण या कामातल्या बहुतेक अडचणी त्या एका उदाहरणात सापडतात.

माहितीचे दोन तक्ते करायचे. पहिल्यात व्यक्ती, म्हणजे बिंदू. दुसऱ्यात संबंध, म्हणजे गुरूकडून शिष्याकडे जाणाऱ्या रेषा. गेफी हे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या तक्त्यात `Source` आणि `Target` हे दोन रकाने मागतं. सगळे नवखे तेवढेच दोन भरतात आणि लगेच चित्र काढायला बसतात. माझ्या मते खरं काम त्यापुढच्या दोन रकान्यांत आहे: संबंध कोणत्या प्रकारचा, आणि तो कोण सांगतं.

हे मला पुस्तकातून नाही, माणगावच्या बाजूला एका वृद्ध काकांकडून कळलं. माझा तक्ता बघून ते म्हणाले, "अनुग्रह कोणाचो नि दंड कोणाचो, ह्यां वेगळां लिव गो." टेंबे स्वामींचंच बघा. त्यांना उपदेश नरसोबावाडीच्या गोविंदस्वामींचा. १८९१ मध्ये पत्नीच्या निधनानंतर त्यांनी संन्यास घेतला आणि दंड उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून घेतला. शिवाय परंपरेच्या दृष्टीने त्यांचे गुरू प्रत्यक्ष दत्तात्रेयच. म्हणजे एका बिंदूकडे तीन रेषा येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. त्यांचे शिष्य गुळवणी महाराज यांना मंत्र टेंबे स्वामींचा, पण शक्तिपात दीक्षा लोकनाथतीर्थांची. मठाच्या भिंतीवरच्या यादीत प्रत्येक पिढीला एकच नाव असतं, त्यामुळे आपण वंशावळीसारखा सरळ वृक्ष काढायला जातो. खरी आकृती तशी नसते.

आता तुकोबांकडे येऊ. त्यांची परंपरा सलग सांगणारी रचना त्यांच्या शिष्या बहिणाबाईंची आहे. आदिनाथांनी पार्वतीला केलेला उपदेश मत्स्येंद्रांनी ऐकला, त्यांच्याकडून तो गोरक्षांना, गहिनींना, निवृत्तिनाथांना आणि ज्ञानदेवांना मिळाला. पुढे सच्चिदानंदबाबा, विश्वंभर, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजीचैतन्य आणि तुकोबा. त्याला स्वतः बहिणाबाई आणि पिंपळनेरचे निळोबा जोडले की १४ बिंदू आणि १३ रेषा होतात. पार्वतीसाठी मी वेगळा बिंदू केलेला नाही, कारण या यादीत मत्स्येंद्रांना उपदेश तिच्याकडून मिळालेला नाही. असा प्रत्येक निर्णय वहीत तारखेसह लिहून ठेवा.

तुकोबांना अनुग्रह स्वप्नात झाला. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे: बाबाजींनी आपलं नाव सांगितलं, 'रामकृष्णहरि' हा मंत्र दिला, आणि दिवस होता माघ शुद्ध दशमी, गुरुवार. शक मात्र सांगितलेला नाही. बहिणाबाई कोल्हापुरात असताना त्यांना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला. देहूला त्या नंतर गेल्या. निळोबांनाही तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर त्यांच्या दर्शनातून अनुग्रह झाला असं परंपरा सांगते. म्हणजे या उदाहरणात तुकोबांकडे येणारी रेषा आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या दोन्ही रेषा एकाच प्रकारच्या आहेत. तक्त्यात त्या तिन्हींसमोर `prakar` या रकान्यात `swapna` असं लिहायचं.

मग मोजणीला लागायचं. प्रश्न साधा आहे: स्वप्नातले अनुग्रह वगळले तर परंपरा एकसंध राहते का? दुसरा तक्ता `edges.csv` नावाने जतन केला की पायथॉनमध्ये हे असं तपासता येतं:

```python
import pandas as pd, networkx as nx

e = pd.read_csv("edges.csv")
G = nx.from_pandas_edgelist(e, "Source", "Target",
        edge_attr=True, create_using=nx.DiGraph)
sw = [(u, v) for u, v, d in G.edges(data=True)
      if d["prakar"] == "swapna"]
H = G.copy()
H.remove_edges_from(sw)
print(nx.number_weakly_connected_components(G))  # 1
print(nx.number_weakly_connected_components(H))  # 4
```

आधी सगळे मिळून एकच गट होता. तीन रेषा काढल्यावर चार गट झाले: आदिनाथांपासून बाबाजींपर्यंत ११ जणांची साखळी, आणि तुकोबा, बहिणाबाई, निळोबा हे तीन सुटे बिंदू. हेच काम `edge_subgraph` वापरून, म्हणजे उरलेल्या १० रेषा निवडून केलं, तर उत्तर पुन्हा १ येतं आणि काहीच बदललं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात त्या पद्धतीत ज्यांना एकही रेषा उरली नाही ते बिंदूच गळून पडतात. तुकोबा आलेखातून नाहीसे झालेले असतात आणि आकडा मात्र निर्दोष दिसतो. म्हणून गटांच्या संख्येबरोबर `H.number_of_nodes()` सुद्धा दर वेळी छापून बघायचं. ते १४ च यायला हवं.

आणखी एक गोष्ट. `DiGraph` दोन व्यक्तींमध्ये एकच रेषा ठेवतो. बहिणाबाईंचा स्वप्नातला अनुग्रह आणि देहूचं दर्शन अशा दोन रेषा द्यायच्या असतील, तर आधीची रेषा नंतरच्या रेषेखाली पुसली जाते. तेव्हा `MultiDiGraph` घ्या.

या चार गटांवरून 'तुकोबांना गुरूच नव्हता' असं कुणी म्हणायला लागलं तर तो या आकड्याचा गैरवापर आहे. वारकऱ्यासाठी स्वप्नातला अनुग्रह पूर्ण अनुग्रहच असतो. संगणकाने एवढंच सांगितलं की या परंपरेची सलगता कोणत्या प्रकारच्या संबंधावर उभी आहे. हे कळणंही मोठं आहे. पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो: एकनाथांसारख्या संतांचं या आलेखात स्थान कुठे? त्यांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी, म्हणजे अनुग्रहाच्या रेषांनी ते ज्ञानदेवांच्या साखळीला जोडले जात नाहीत. पण १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. 'ग्रंथ' हा वेगळा प्रकार धरला तरच ही रेषा काढता येते, आणि ती काढल्यावर आकृती बरीच बदलते.

आता काळ. सच्चिदानंदबाबांचा काळ पक्का बांधता येतो, कारण ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत शके १२१२, म्हणजे १२९० हे साल आणि लेखक म्हणून त्यांचं नाव आहे. ज्ञानदेवांची समाधी १२९६ ची, तुकोबांचं वैकुंठगमन १६५० चं. मधली वर्षं ३५४ आणि रेषा ६, म्हणजे दर पिढीला सरासरी ५९ वर्षं. टेंबे स्वामींनी १९१४ मध्ये देह ठेवला आणि गुळवणी महाराजांनी १९७४ मध्ये. तिथे अंतर ६० आहे, म्हणजे एका पिढीपुरतं हे अशक्य नाही. पण ओळीने सहा वेळा असं होणं अवघड. त्यात केशवचैतन्य आणि बाबाजीचैतन्य ही एकाच व्यक्तीची दोन नावं असंही एक मत आहे. ते मानलं तर रेषा ५ उरतात आणि सरासरी ७१ च्या आसपास जाते. इथे दोन निष्कर्ष संभवतात: मधली काही नावं यादीत आलेली नाहीत, किंवा काही रेषा देहाने भेटलेल्या माणसांमधल्या नाहीत. कोणता खरा हे सरासरी सांगू शकत नाही. ती फक्त कुठे थांबून पुन्हा पोथी उघडायची ते दाखवते.

नावांच्या बाबतीत उलटी चूकही होते. तुकोबांच्या घराण्यातही विश्वंभरबाबा नावाचे पूर्वज आहेत. नावच ओळख म्हणून वापरलं तर परंपरेतले विश्वंभर आणि देहूचे विश्वंभरबाबा सॉफ्टवेअर एका बिंदूत मिसळतं, आणि मग सच्चिदानंदबाबांकडून थेट तुकोबांच्या घरात रेषा गेलेली दिसते. म्हणून प्रत्येक व्यक्तीला `V01`, `V02` असा स्वतंत्र क्रमांक द्या आणि नाव वेगळ्या रकान्यात ठेवा. केशव आणि बाबाजी हे दोन क्रमांकच ठेवावेत. एकत्र धरायचे असतील तेव्हा मोजणीच्या वेळी धरता येतात. एकदा मिसळलेले बिंदू वेगळे करणं फार कष्टाचं असतं.

चित्राबद्दल थोडक्यात. गेफीतली फोर्स अॅटलास २ ही मांडणी जाळं सुंदर पसरवते, पण तिच्यात वर-खाली याला काही अर्थ नसतो. आपल्याकडचा वाचक मात्र वरच्याला गुरू आणि मधल्याला थोर समजतो. गुरुपरंपरेसाठी ग्राफविझमधलं `dot` बरं, ते पिढ्या पायरीने खाली उतरवतं. अनुग्रहाच्या रेषा सलग, स्वप्नाच्या तुटक, ग्रंथाच्या ठिपक्यांच्या अशा ठेवा. आदिनाथ म्हणजे शिव, त्यामुळे काळाच्या अक्षावर त्यांना सनावळीत बसवू नका. मत्स्येंद्रांपासून गहिनींपर्यंतही फक्त क्रम दाखवा. मॅटप्लॉटलिबमध्ये 'ज्ञानदेव' हे नाव बऱ्याचदा तुटकं उमटतं, ग्राफविझ जोडाक्षरं सहसा नीट काढतं. एक्सेलमधून तक्ता काढताना `CSV UTF-8` निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

शेवटी कोणाचं महत्त्व किती, हा मोह. गेफी एका बटणावर प्रत्येकाची 'मध्यस्थता' मोजून देतं, म्हणजे किती जोड्यांमधला मार्ग त्या व्यक्तीवरून जातो ते. सरळ साखळीत मधोमध असलेल्याला आपोआप मोठा आकडा मिळतो. आपल्या १४ जणांत सर्वांत मोठा आकडा सच्चिदानंदबाबांना आणि विश्वंभरांना सारखाच येतो, दोघांनाही ४२. हा आकडा त्यांच्या साखळीतल्या जागेचा आहे, अधिकाराचा नाही. खाली तुकोबांचे आणखी दोन शिष्य जोडले की तो बदलतो.

शिष्यसंख्येचंही तसंच. विश्वंभरांपासून एकच रेषा निघते, टेंबे स्वामींपासून गुळवणी महाराज, रंगावधूत, नाना महाराज तराणेकर अशा अनेक. यातला फरक बराचसा छापील चरित्रांच्या काळाचा आहे. मठाची यादी पुढे गादी चालवणाऱ्याचं नाव जपते, ज्या शंभर जणांनी अनुग्रह घेऊन घरी शेती केली त्यांची नावं ती जपत नाही. स्त्रियांची तर आणखी कमी. बहिणाबाई या आलेखात आहेत, कारण त्यांनी स्वतः लिहिलं. म्हणून रेषा नसणं याचा अर्थ तक्त्यात 'नोंद नाही' एवढाच लिहायचा, आणि तो रकाना रिकामा न ठेवता तसं शब्दांत लिहायचं.

हयात माणसांचे अनुग्रह मी तक्त्यात घेत नाही. पावस-माणगावला लोक विश्वासाने मंत्राबद्दल बोलतात, ते सार्वजनिक फाइलमध्ये टाकण्यासाठी नसतं. ते मी फक्त परंपरेची रीत समजून घ्यायला ऐकते.