दुर्बीण किती जवळचे दोन तारे वेगळे दाखवेल? हिशोब आणि पडताळा

तारा कितीही लांब असला, तरी दुर्बिणीत तो बिंदू दिसत नाही. प्रकाशाच्या विवर्तनामुळे त्याची बारीकशी चकती होते. दोन चकत्या एकमेकींत मिसळल्या की नेत्रिका कितीही जोरदार लावा, एकच गोळा मोठा होत जातो.

आधी हिशोब करा. लॉर्ड रॅले यांची कसोटी अशी: θ = १.२२ λ/D. यात θ म्हणजे दोन तारे वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात लागणारं कमीत कमी कोनीय अंतर, रेडियनमध्ये; λ म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी आणि D म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास. डोळ्याला सोयीचा ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश धरून उत्तर आर्कसेकंदांत आणलं (१ अंश = ३६०० आर्कसेकंद), तर सूत्र अगदी सुटसुटीत होतं: १३८ भागिले मिलिमीटरमधला व्यास. म्हणजे ६० मिमीच्या दुर्बिणीची मर्यादा २.३ आणि १०० मिमीची सुमारे १.४ आर्कसेकंद.

आता पडताळा. अभिजितजवळचा एप्सिलॉन लायरी हा तारा शोधा. द्विनेत्रीतून तो सहज दोन दिसतो. त्या दोहोंपैकी प्रत्येक तारा पुन्हा जोडतारा आहे आणि प्रत्येक जोडीतलं अंतर सव्वादोन आर्कसेकंदांच्या आसपास आहे. १०० मिमीतून दोन्ही जोड्या सुटायला हव्यात. ६० मिमी नेमकी काठावर आहे, तिच्यात लांबट ठिपका दिसला तरी मी समाधान मानतो.

दुर्बीण बाहेरच्या हवेत अर्धा तास तरी थंड होऊ द्या. मग वर्धन १०० पटींच्या पुढे न्या. २.३ आर्कसेकंदांचं अंतर १०० पटींत २३० होतं. डोळ्याची स्वतःची मर्यादा ६० च्या आसपास असली, तरी आरामात पाहायला एवढी मोकळीक लागतेच.

जोडी सुटली नाही, तर दोष कुणाचा? या ताऱ्यात त्याची सोय आहे, कारण दोन जोड्यांच्या दिशा एकमेकींना जवळजवळ काटकोनात आहेत. दोन्ही ठिपके एकाच दिशेला लांबट दिसले, तर ते तारे नव्हेत, दुर्बिणीची भिंगं किंवा आरसे सरळ बसलेले नाहीत. प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी थरथरत असेल, तर दोष हवेचा. अशा रात्री मोठी दुर्बीणही दीड-दोन आर्कसेकंदांच्या पुढे जात नाही, दुसऱ्या रात्री पाहा.

एक पथ्य पाळा: ही मर्यादा सारख्या तेजाच्या ताऱ्यांसाठी आहे. भूतप या तारकासमूहातल्या इझारमधलं अंतर जवळपास तीन आर्कसेकंद, तरी मंद साथीदार मुख्य ताऱ्याच्या झगझगाटात बुडतो आणि जोडी एप्सिलॉनपेक्षा अवघड जाते.

हीच मर्यादा सूक्ष्मदर्शकालाही असते. तिथे व्यासाऐवजी वस्तुभिंगावर कोरलेला संख्यात्मक छिद्रांक NA घ्या, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं ते सांगणारा आकडा. वेगळ्या दिसणाऱ्या दोन बिंदूंमधलं कमीत कमी अंतर d = ०.६१ λ/NA. तेलात बुडवायच्या १.२५ च्या भिंगाला हे अंतर सुमारे ०.२७ मायक्रोमीटर येतं. भिंग आणि काच यांच्यामधलं तेल विसरलात, तर छिद्रांक १ च्या वर जाऊच शकत नाही.