ठरावीक काळाने उसळणाऱ्या उलट्या : या चुका टाळा

माझी भाची नऊ वर्षांची, मंगळवार पेठेत राहते. दर सहा-सात आठवड्यांनी तिला पहाटे चार-पाचच्या सुमारास उलट्या सुरू होतात. पहिले काही तास दर दहा-पंधरा मिनिटांनी उलटी होते. चेहरा पांढराफटक पडतो, तोंडातून लाळ गळते, ती कुणाशी बोलत नाही. दीड दिवसाने गाढ झोप लागते आणि उठल्याउठल्या ती भाकरी मागते. मग पुढचे सहा आठवडे तिला काहीच होत नाही.

वर्षभर घरचे प्रत्येक झटक्याला वेगळं कारण देत राहिले. कधी मिसळ बाधली म्हणाले, कधी पित्त, कधी नजर लागली. पहिली चूक हीच. झटके एकमेकांशेजारी मांडून पाहिल्याशिवाय हा आजार ओळखूच येत नाही. त्याला सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम म्हणतात आणि मायग्रेनशी त्याचं जवळचं नातं आहे. घरात आईला किंवा आजीला अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मात्र आतड्याला पीळ, मूत्रपिंडातला अडथळा, मेंदूतला वाढलेला दाब यांतही अशाच उलट्या होतात. त्यामुळे हे नाव घरच्या घरी द्यायचं नाही, तपासण्या होऊ द्यायच्या.

दुसरी चूक म्हणजे मधल्या चांगल्या दिवसांत सगळं विसरून जाणं. वहीत तारीख, वेळ आणि आदल्या दोन दिवसांत काय झालं ते लिहा. भाचीच्या वहीत शाळेचं गॅदरिंग, जोतिबाच्या यात्रेचं जागरण, गगनबावड्याच्या घाटातला प्रवास आणि एकदा साधी सर्दी सापडली. आनंदाची उत्सुकताही झटका आणते, हे पालकांना पटायला जड जातं. अपुरी झोप आणि रिकामं पोट ही दोन कारणं मात्र आपल्या हातातली आहेत. नवरात्रात अशा मुलाला उपवास नको, आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडं खायला द्या. मोठ्या मुलींमध्ये पाळीच्या आसपास आणि तरुणांमध्ये गांजामुळेही असे झटके येतात. डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा.

झटक्याआधी बहुतेक मुलांना चाहूल लागते: मळमळ, पोटात दुखणं, चेहरा उतरणं. डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेली, जिभेवर विरघळणारी, उलटी थांबवणारी ओन्डान्सेट्रॉनची गोळी तेव्हाच द्यायची. ‘बघू, थांबेल’ म्हणत वाट पाहिली की पुढे पोटात काही टिकत नाही. खोलीत अंधार करा, टीव्ही बंद ठेवा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटायला येऊ देऊ नका. झोप लागली तर औषधासाठीही उठवू नका. पण हाक मारल्यावर मूल ओळख देतं ना, एवढं अधूनमधून पाहा.

सगळ्यात जास्त गोंधळ पाण्याचा होतो. या मुलांना भयंकर तहान लागते. काही मुलं घटाघटा पाणी पिऊन मुद्दाम उलटी करतात, कारण त्याने मळमळ क्षणभर थांबते. ग्लास हातात देऊ नका. दर पाच मिनिटांनी एक चमचा, म्हणजे ५ मिली ओआरएस द्या. पाकिटाची मागची बाजू आधी वाचा: काही पाकिटं १ लिटरसाठी असतात, काही २०० मिलीसाठी. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर मीठ घातक प्रमाणात जातं. गोड ज्यूसचे खोकेही ओआरएसच्या जागी चालत नाहीत.

आता हिशोब पाहा. चमच्याने तासाला ६० मिली जातं. भाचीचं वजन २२ किलो. उलटी नसतानाही तिला तासाला जवळपास तेवढंच लागतं. म्हणजे उलट्या चालूच राहिल्या तर घरचा चमचा मागे पडणार. म्हणून ‘सकाळपर्यंत बघू’ ही चूक महागात पडते. सहा-आठ तास लघवी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त किंवा भलतंच बोलतंय, किंवा चमचाभरही टिकत नाही, यातलं काहीही दिसलं की लगेच निघा. हिरवी किंवा रक्ताची उलटी, सतत वाढणारी पोटदुखी, ताप, मान ताठ होणं किंवा जोराची डोकेदुखी असेल तर घरी थांबायचंच नाही. या आजारातही हिरवं पित्त पडू शकतं, पण आतड्याला पीळ नाही हे घरबसल्या कळत नाही.

दवाखान्यात नुसतं मीठपाण्याचं सलाइन बऱ्याचदा अपुरं पडतं. उपाशी शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारे किटोन नावाचे पदार्थ रक्तात वाढतात आणि मळमळ आणखी चिघळते, म्हणून ग्लुकोज असलेलं सलाइन लागतं. सोबत रक्तातली साखर आणि सोडियम-पोटॅशियम तपासतात. रात्रपाळीचे डॉक्टर मुलाला पहिल्यांदाच पाहत असतात. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून निदान, वजन, औषधांचे डोस आणि कोणतं सलाइन द्यायचं हे एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद वहीतच ठेवा. झटके महिन्याला येऊ लागले किंवा दर वेळी भरती करावं लागलं, तर मधल्या चांगल्या दिवसांत रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात. त्याबद्दल त्याच भेटीत विचारा.