आधी आकडा, मग शब्द: जुन्या अरबी खगोलाचं एक पान इंग्रजीत आणताना

अरबी हस्तलिखितातला खगोलाचा पहिला उतारा मी इंग्रजीत केला, तेव्हा वाक्यं व्याकरणात बसली होती. शिकवणाऱ्या बाईंनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "मग त्या दिवशी सूर्य कुठे आला?" मला सांगता येईना. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी त्याच पानाची हकिगत लिहितो आहे.

पानावर सूर्याचं खरं स्थान काढायची रीत होती. आकडे अल-बत्तानीचे. हा सीरियातल्या रक्का इथे वेध घेणारा खगोलज्ञ, इ.स. ९२९ मध्ये वारला. रीत अगदी थोडक्यात दिली होती: सूर्याचा 'वसत' घे, त्यातून 'औज' वजा कर, उरेल तो 'हिस्सा'. हिस्सा घेऊन कोष्टकात शिर, समोरची 'तअदील' उचल. हिस्सा १८० अंशांहून कमी असेल तर ती वसतातून वजा कर, जास्त असेल तर मिळव. येईल तो सूर्याचा 'तक्वीम'.

मी शब्दकोश उघडून बसलो होतो. वसत म्हणजे मध्य, औज म्हणजे शिखर, हिस्सा म्हणजे वाटा, तअदील म्हणजे सारखं करणं. शब्दकोश यात कुठेच चुकत नाही, पण 'शिखर वजा करून उरलेला वाटा' वाचून कोणाला काय कळणार?

बाईंनी मला कागदावर गणित करायला लावलं. अल-बत्तानीच्या मते सूर्याचं औज ८२ अंश १७ कलांवर आहे. वसत सोयीसाठी ११२ अंश १७ कला धरला. वजाबाकी केली की हिस्सा बरोबर ३० अंश उरतो. कोष्टकात ३० समोर तअदील आहे ५८ कला. ती वजा केली की सूर्य १११ अंश १९ कलांवर येतो. एवढं हातानं केल्यावर प्रत्येक शब्द आपल्या जागी बसला. पंचांगाचं गणित थोडंफार पाहिलेल्या माणसाला तर सगळं घरचंच आहे: वसत म्हणजे एकसारख्या गतीने चालणारा मध्यम सूर्य, औज म्हणजे मंदोच्च, जिथे सूर्य पृथ्वीपासून सर्वांत दूर असतो, तअदील म्हणजे मंदफल, मध्यम आणि खऱ्या सूर्यातला फरक, आणि तक्वीम म्हणजे स्पष्ट, म्हणजेच खरा सूर्य. 'औज' हा शब्द मुळात आपल्या 'उच्च'वरूनच गेला असं मानलं जातं. पुढे त्याचं लॅटिनमध्ये 'ऑक्स' आणि जुन्या इंग्रजीत 'ऑज' झालं. मराठी माणसाला या कामात खरा फायदा होतो तो इथे.

आता आकड्यांकडे वळू, कारण माझी खरी फसगत तिथे झाली. या ग्रंथांत संख्या अक्षरांनी लिहितात. अलिफ म्हणजे १, बा २, जीम ३, हलका हा ५, जड हा ८, या १०, नून ५०. अठ्ठावन्न लिहायचे तर नून आणि जड हा जोडायचे. गोची अशी की जीम आणि जड हा यांचा सांगाडा एकच आहे, फरक फक्त नुक्त्याचा, आणि आकडे लिहिताना लेखनिक बहुधा नुक्ते देत नाहीत. म्हणून तीन लिहायचा असेल तर जीमची खालची शेपटी कापून टाकतात, आणि आठ असेल तर शेपटी राखतात. माझ्या पानावर नेमक्या त्या जागी शाई पसरली होती. मी ५८ ऐवजी ५३ वाचले.

हे कळतं कसं? कोष्टकातल्या वरच्या-खालच्या ओळी पाहायच्या. २९ समोर ५६ कला होत्या, ३१ समोर १ अंश शून्य कला. म्हणजे तिथे तअदील दर अंशाला साधारण दोन कलांनी चढते. मधे ५३ आले तर ती उतरून पुन्हा एकदम चढते, आणि सूर्य असा धक्के खात चालत नाही. तिथे ५८च हवेत.

दुसरी चूक याहून वाईट होती. परम तअदील, म्हणजे जास्तीत जास्त मंदफल, मी १ अंश १९ कला १० विकला असं उतरवून घेतलं होतं. शब्दाच्या सुरुवातीला नून आणि या दोघांचाही एक छोटासा दात तेवढा दिसतो, त्यामुळे नुक्ता गेला की ५९ आणि १९ यांत काही फरक उरत नाही. इथे शेजारची ओळ मदतीला नव्हती. पण त्याच पानावर उत्केंद्रता, म्हणजे सूर्याच्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीपासून किती सरकलेला आहे ते, दिली होती: त्रिज्या ६० धरली तर २ भाग, ४ कला, ४५ विकला. दशांशात २.०७९. तिला ६० ने भागायचं आणि ज्या कोनाची 'ज्या', म्हणजे साइन, तेवढी येते तो कोन काढायचा:

arcsin(2.079 / 60) ≈ 1.986°

म्हणजे जवळजवळ १ अंश ५९ कला. १९ तिथे बसूच शकत नाही. तेव्हापासून एक आकडा दुसऱ्याकडून पडताळल्याशिवाय मी भाषांतराला हात घालत नाही.

त्या ६० च्या त्रिज्येबद्दलही सांगायला हवं. अरबी 'जैब' म्हणजे ज्या, पण ६० त्रिज्येच्या वर्तुळातली. तिला इंग्रजीत नुसतं 'साइन' म्हटलं तर आजचा वाचक साठपट चुकेल. म्हणून इतिहासकार तो शब्द मोठ्या एसने लिहितात. मीही तेच करतो, आणि पहिल्या वेळी तळटीप देतो.

मग तअदीलला इंग्रजीत काय म्हणायचं? जुना पारिभाषिक शब्द 'इक्वेशन'. आजच्या वाचकाला तो समीकरण वाटतो. 'करेक्शन' सोपा आहे, म्हणून मी आधी तोच घातला होता. पण अरबी धातू 'अद्ल'चा आहे, आपल्या अदालतीतला आणि आदिलशाहीतलाही, आणि त्याच धातूची बरीच मंडळी पुढच्या पानांवर येतात. 'तअदीलुन्नहार' म्हणजे दिनमानाशी निगडित असलेलं आपलं चर. इंग्रजीत 'असेन्शनल डिफरन्स'. 'मुअद्दिलुन्नहार' म्हणजे खुद्द विषुववृत्त, जुन्या इंग्रजीत 'इक्विनॉक्शियल'. मी एके ठिकाणी विषुववृत्ताला 'दिवसाचं करेक्शन' करून ठेवलं होतं. त्यामुळे त्या वृत्तापासूनचं अंतर मोजायला सांगणारं वाक्य निरर्थक झालं. एक परिमाण आहे आणि दुसरं वृत्त आहे, हे वाक्यातल्या क्रियापदाकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं: परिमाण वजा करतात, वृत्तापासून अंतर मोजतात.

शेवटी मी 'इक्वेशन' ठेवला, कारण 'इक्वेशन ऑफ टाइम'सारख्या प्रयोगांत तो आजही जिवंत आहे. हिस्साला 'आर्ग्युमेंट' ठेवला, कोष्टकांच्या इंग्रजीत तो रुळलेला आहे. 'ऑज' मात्र सोडला. तो वाचणारं आज कोणी नाही, आणि 'ॲपोजी' म्हटल्याने अर्थ तसूभरही हलत नाही. जुना शब्द राखायचा की नाही याची माझी कसोटी हीच आहे: नवा शब्द घातल्यावर परिमाण बदलतं का? बदलत असेल तर जुना ठेवा आणि टीप द्या.

सरावासाठी अल-बिरूनीचा 'तफहीम' घ्या. इ.स. १०२९ चा हा ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपात एकेका संज्ञेची व्याख्या देतो, आणि रॅम्झी राइट यांनी १९३४ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर मूळ मजकुरासमोर छापलेलं आहे. आधी भाषांतर झाकून स्वतः करा, मग ताडून पाहा. अल-बत्तानीसाठी नाल्लिनो यांची आवृत्ती आहे, पण तिचं भाषांतर लॅटिनमध्ये आहे.

माझ्या वहीत आता प्रत्येक पानाला तीन रकाने असतात: अरबी संज्ञा, तिचा त्या ओळीतला आकडा, आणि इंग्रजी शब्द. तिसरा रकाना मी पेन्सिलीने भरतो. त्या पानाच्या वेळी परम तअदीलसमोरचा १९ खोडून तिथे ५९ लिहिला, शेजारी भागाकार मांडला, आणि मगच बाईंना सांगितलं की सूर्य १११ अंश १९ कलांवर आहे.