मृग महिनाभरात किती वर चढतो?

मुलांना आकाशाचं फिरणं शिकवायचं तर एकच नक्षत्र धरा. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डिसेंबरात मृग सोयीचा. पाऊस संपलेला असतो, आणि रात्री आठला तो पूर्वेला घाटावर आलेला असतो. दारात नाताळची नक्षत्रं लुकलुकत असतात, म्हणून सड्यावर अंधारात जा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधा.

आधी ताराचक्र, म्हणजे तारीख आणि वेळ जुळवून बघायचा आकाशाचा फिरता नकाशा. ते मुंबईच्या अक्षांशासाठी छापलेलं असलं तरी गोव्यात चालतं. युरोपसाठी छापलेलं नको. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर असतो, तिथल्या चक्रावर तो फार उंच दिसतो. चकतीवरची २० डिसेंबर ही तारीख रात्रीच्या आठशी जुळवा, पूर्वेकडे तोंड करा आणि 'पूर्व' लिहिलेली कड खाली येईल असं चक्र डोळ्यांसमोर धरा. जमिनीच्या नकाशासारखं वाचलं की पूर्व-पश्चिम उलटी होते. सगळे इथंच चुकतात.

मृगाच्या चौकोनात तीन तारे एका ओळीत आहेत, तो बाण. इथं तो उगवताना जवळजवळ उभा असतो. पुस्तकातल्या चित्रात मात्र आडवा-तिरका, म्हणून मुलांना आधी ओळखच पटत नाही. ओळ वर वाढवली की तांबूस रोहिणी, खाली वाढवली की व्याध. पहिल्या रात्री आठला व्याध घाटाआडच असतो. जवळपास न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका दिसला आणि तो चक्रावर नसला, तर तो ग्रह.

आता मोजणी. हात ताठ, मूठ मिटलेली: एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. पोराची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब जमतो. घाटाच्या माथ्यापासून मोजू नका, डोळ्यांच्या समपातळीपासून मुठीवर मूठ रचा. २० डिसेंबरला आठ वाजता बाणाचा मधला तारा अडीच मुठींवर येतो. त्याच रात्री दहाला पुन्हा मोजा: पाचाच्या थोडं वर. दोन्ही आकडे वहीत लिहा.

मग दर पाच दिवसांनी, त्याच दगडावर उभं राहून, बरोबर आठला. तारे रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतात, त्यामुळे दर खेपेला अर्ध्या मुठीच्या आसपास वाढ दिसते. घड्याळ मात्र सांभाळा. चहापायी पाव तास उशीर झाला तर चार दिवसांची वाढ फुकट मिळते. आकडा मध्येच उडी मारतो आणि पोरं म्हणतात, आकाश चुकलं!

१९ जानेवारीला आठला मोजून झालं की वहीचं पहिलं पान उघडा, २० डिसेंबरचा दहा वाजताचा आकडा शोधायला सांगा. मग चक्रावर १९ जानेवारी आठशी लावून, २० डिसेंबर कुठल्या वेळेसमोर आलाय ते त्यांनाच वाचू द्या.