एअर लीकेज मोजताना या चुका टाळा, नाहीतर कागदावरची बचत कागदावरच राहते

कॉम्प्रेसरची किती हवा लाइनमधल्या गळतीत जाते हे काढायची पद्धत सोपी आहे, आणि बहुतेक तिथेच घोळ होतो. सुट्टीच्या दिवशी लाइन भरलेली ठेवायची, हवा वापरणारं सगळं बंद, आणि घड्याळ घेऊन बसायचं. कॉम्प्रेसर किती सेकंद लोड राहिला, म्हणजे हवा भरत होता, किती सेकंद अनलोड राहिला, म्हणजे नुसता फिरत होता, अशी आठ-दहा सायकल लिहून सरासरी काढायची. लोडची वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, एवढं टक्के लीकेज.

कुडाळकडच्या एका काजू फॅक्टरीत एका उत्साही पोराने हे केलं. ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर, २२० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला २२० घनफूट हवा देणारा. रविवारी लोड ४० सेकंद, अनलोड ८० सेकंद, म्हणजे ३३ टक्के. मग लोडवरचे ३९ किलोवॅट गुणिले ३३ टक्के म्हणजे १३ किलोवॅट, वर्षाला ४८०० तास, युनिट ९ रुपये, झाले साडेपाच लाख! मालकांना मेलसुद्धा गेला. दुपारभर फिटिंगं आवळून झाली तरी आकडा जेमतेम हलला, तेव्हा तिथला जुना फिटर म्हणाला, "साहेब, ह्यो ड्रायर सारखो फुसफुसता, ता पण लीकेजात धरलास काय?"

धरलं होतं. काजू निवडणाऱ्या सॉर्टरला कोरडी हवा लागते म्हणून तिथे हीटलेस ड्रायर आहे, आणि असा ड्रायर आपला टॉवर सुकवायला साधारण १५ टक्के कोरडी हवा स्वतःच बाहेर सोडतो. इथे ती ३३ सीएफएम. ही गळती नाही, ड्रायरचा खुराक आहे. तो कमी करायचा असेल तर वेगळा विषय, पाना घेऊन होणार नाही. ड्रायर बायपास करून परत मोजलं तर लोड ३३, अनलोड १४७ सेकंद, म्हणजे १८ टक्के, ४० सीएफएम. धूळ पकडणाऱ्या बॅग फिल्टरचं पल्सिंग आणि टायमरवाले ड्रेनही असेच आकड्यात घुसतात, ड्रेनचा टायमर पावसाळ्यात वाढवतात आणि उन्हाळ्यापर्यंत कोणी मागे फिरवत नाही.

दुसरी चूक याहून वाईट कारण ती हिशोबात लपते. अनलोड म्हणजे बंद नाही! तोच कॉम्प्रेसर अनलोडवर १३ किलोवॅट खात होता. गळती बंद केली की लोडचा वेळ अनलोडमध्ये जातो, म्हणून बचत ३९ वर नाही, ३९ वजा १३ म्हणजे २६ वर काढायची. २६ चे १८ टक्के, पावणेपाच किलोवॅटच्या आसपास, वर्षाला साधारण २२,७०० युनिट, दोन लाख रुपये. तेही सगळी गळती शून्य झाली तर, जी होत नसते. दोन तृतीयांश बंद झाली तरी मी खूश, म्हणजे दीड लाखाच्याही आत. साडेपाच लाख ऐकलेल्या मालकाला हे सांगायला जायचं कोणी? म्हणून मी आधी अनलोडचे किलोवॅट क्लॅम्प मीटरने मोजतो, मगच तोंड उघडतो.

व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरवर ही घड्याळाची पद्धत लावू नका, तो सहसा लोड-अनलोड करत नाही. तिथे टेस्टच्या तासाचे युनिट आणि फ्लो बघा.

मशीनचे वॉल्व्ह बंद करून टेस्ट घेणारे पण आहेत. अहो, बरीच गळती मशीनवरच असते, फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचे म्हणजे एफआरएलचे बाऊल, पुश फिटिंग, होजच्या क्लिपा, सिलिंडरच्या सील. मशीन थांबवा, हवा चालू ठेवा.

सर्व्हे करताना मी कॉम्प्रेसर रूमपासून टोकापर्यंत एकाच दिशेने चालतो, मध्ये उडी नाही. अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टर भाड्याने मिळाला तर उत्तम, नाहीतर साबणाचं पाणी आणि शांत शेड. खाऱ्या वाऱ्यात जीआयचे आटे गंजतात, छताकडचे जॉइंट तर कोणी बघतच नाही, शिडी लागते म्हणून. प्रत्येक गळतीला नंबरचा प्लास्टिक टॅग, कागदी टॅग इथल्या पावसात लगदा होतो. हाताने गळती चाचपू नका, आणि फिटिंग खोलण्याआधी लाइनमधलं प्रेशर सोडा, घाईतली पोरं हेच विसरतात.

मोठ्या गळत्या आधी. ७ बारला ३ मिलिमीटरचं भोक साधारण २० सीएफएम नेतं, वरच्या केसमध्ये अशी दोनच सापडली असती तरी सगळा हिशोब संपला असता. टेफलॉन गुंडाळत बारक्या बुडबुड्यांमागे दिवस घालवणाऱ्यांना मी आधी ड्रेन वॉल्व्ह बघायला पाठवतो.

दुरुस्तीनंतर त्याच तयारीने, ड्रायर बायपास ठेवूनच, परत टेस्ट घ्या आणि कॉम्प्रेसरच्या फीडरचं मीटर तासभर वाचा. १८ टक्क्यांना इथे तासाला जवळपास १७.७ युनिट पडतात, ६ टक्क्यांवर साडेचौदा. फरक यात दिसला नाही तर बिलातही दिसणार नाही. आणि रात्री, रविवारी कॉम्प्रेसरचा स्विचच बंद करा, त्या १३ किलोवॅटला साबणाचं पाणी लागत नाही.